हिंदी माहितीपत्रकाचं मराठी करताना ओळखीचे शब्द दगा देतात तेव्हा : लक्षणं, तपासण्या आणि कुठे थांबायचं

शेतीविषयक हिंदी मजकूर मराठीत आणायचं काम माझ्याकडे वरचेवर येतं. बहुतेक वेळा आधी कोणीतरी मराठी करून ठेवलेलं असतं आणि 'फक्त एक नजर टाका' असं सांगून ते माझ्याकडे पाठवतात. त्यात अडचण दर वेळी एकाच ठिकाणी सापडते. 'खेत', 'जुताई', 'सिंचाई' हे शब्द परके दिसतात, म्हणून भाषांतर करणारा त्यांच्यापाशी थांबतो आणि शेत, नांगरट, पाणी देणं असं बरोबर लिहितो. 'प्रयोग', 'अंतर', 'मात्रा', 'क्षार' हे मात्र मराठीच वाटतात, म्हणून ते न तपासता तसेच पुढे जातात. दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे अशा या शब्दांना खोटे मित्र म्हणतात.

उदाहरणासाठी खारवट आणि चोपण जमिनींवरचं माहितीपत्रक घेतो, कारण तिथे चुकलेल्या एका शब्दाची किंमत शेतकऱ्याला, चोपण जमीन सुधारायला टाकतात त्या जिप्समच्या पोत्यांत मोजावी लागते.

लक्षणं

वाक्य व्याकरणाने शुद्ध असतं, पण वाचल्यावर नेमकं काय करायचं ते कळत नाही. हिंदीत प्रयोग म्हणजे वापर. मराठीत 'जिप्समचा प्रयोग करावा' यात चूक दाखवता येत नाही, तरी शेतकऱ्याला वाटतं की अजून सिद्ध झालेलं नाही, करून बघा म्हणतायत.

तक्ता आणि मजकूर एकमेकांशी जुळत नाहीत. मजकुरात 'क्षारीय' म्हटलेल्या जमिनीचे तक्त्यातले आकडे चोपण जमिनीचे निघतात.

शब्दांच्या शेवटी ऱ्हस्व वेलांटी राहिलेली दिसते : 'वृद्धि', 'शक्ति', 'पद्धति'.

आणि सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे वाचणारा 'छान जमलंय' म्हणतो. 'शिक्षा' किंवा 'संसार' चुकीच्या जागी आला तर कोणीही हसतो आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. ज्या शब्दाचे हिंदी आणि मराठी दोन्ही अर्थ त्या वाक्यात चपखल बसतात, तो मात्र छापखान्यापर्यंत जातो. 'मात्रा संबंधी सूचना प्रयोगशाला से प्राप्त करें' याचं 'मात्रेसंबंधी सूचना प्रयोगशाळेकडून घ्याव्यात' असं केलं तर कोणाला खटकणार? हिंदीत सूचना म्हणजे माहिती, मराठीत सूचना म्हणजे काय करा ते सांगणं. इथे दोन्ही खपून जातात. पुढच्याच पानावर 'भूजल स्तर की सूचना' आली की मग वाक्य लंगडतं.

आता तपासण्या. आधी बिनखर्चाच्या घ्या.

१. शब्दाच्या शेवटची वेलांटी शोधा

ही सगळ्यात स्वस्त तपासणी. मराठीत तत्सम शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात, हिंदीत तो मुळाप्रमाणे ऱ्हस्व राहतो. त्यामुळे मराठी मसुद्यात शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व वेलांटी किंवा उकार दिसला, तर तो शब्द हिंदीतून जसाच्या तसा उचललाय असं बहुधा समजावं. साध्या मजकुराच्या फाइलवर एवढं चालवा :

```
grep -n -o -E '[^ ]*[िु]([ ,.]|$)' marathi.txt |
grep -v -E ':(आणि|परंतु|तथापि|प्रति)([ ,.]|$)'
```

दुसऱ्या ओळीत नियमाला अपवाद असलेले शब्द वगळलेत. जे उरतील त्यांची नुसती वेलांटी दुरुस्त करून पुढे जाऊ नका, कारण ही तपासणी शुद्धलेखनासाठी नाही. जिथे हात फिरलेला नाही ती जागा ती दाखवते. तिथे पूर्ण वाक्य वाचा. 'आपत्ति' दिसलं आणि 'आपत्ती' केलं, तर शुद्धलेखन सुधारेल आणि अर्थ जास्तच बिघडेल. हिंदीत 'आपत्ति दर्ज करना' म्हणजे हरकत नोंदवणं. मराठीत आपत्ती म्हणजे पूर आणि भूकंप.

एक मर्यादा लक्षात ठेवा. मसुदा चांगल्या शुद्धलेखन तपासनिसातून गेलेला असेल तर या खुणा पुसलेल्या असतात. तेव्हा ही तपासणी कोरी आली म्हणजे मसुदा निर्दोष आहे असं धरू नका.

२. खुणा मूळ हिंदीवर करा

बहुतेकजण मराठी मसुदा पुन्हापुन्हा वाचतात. त्यातून काही हाती लागत नाही, कारण मराठी डोळा मराठी अर्थच वाचतो. शोध हिंदी फाइलमध्ये घ्यायचा.

```
grep -n -E 'क्षार|लवण|अंतर|अन्तर|प्रयोग|सूचना|मात्रा' hindi.txt
grep -n -E 'प्रमाण|समाधान|संशोधन|व्यस्त|आपत्ति' hindi.txt
```

जी ओळ निघेल तिच्यासमोर तो शब्द तिथे कोणत्या अर्थाने आलाय ते दोन शब्दांत लिहा. 'अन्तर' वेगळं दिलंय, कारण जुन्या हिंदी छपाईत अनुस्वाराऐवजी न जोडून लिहितात आणि शोध चुकतो. काही ओळी उगाच निघतील. 'प्रयोगशाला' दोन्हीकडे एकच आहे, तिला हात लावू नका.

यातल्या 'अंतर'कडे नीट पाहा. हिंदीत अंतर म्हणजे मुख्यतः फरक, मराठीत ते दोन ओळींमधलं, दोन झाडांमधलं. माहितीपत्रकात दोन्ही गोष्टी येतात. 'दोन्ही मृदांमधील अंतर समजून घ्यावे' असं छापलेलं मी पाहिलंय आणि वाचणारा शेताचा नकाशा शोधायला लागतो. 'समाधान' तसंच. हिंदीत तो उपाय, आपल्याकडे ती तृप्ती. 'जलनिकास की समस्या का समाधान' म्हणजे निचऱ्याचा उपाय. 'शंकासमाधान' मात्र मराठीत रुळलेलं आहे, ते तसंच ठेवावं. 'व्यस्त'ची भानगड आणखी वेगळी. मदतवाहिनीच्या खाली 'नंबर व्यस्त हो तो' असतं, तिथे फोन लागत नसेल तर असं म्हणायचं असतं. मराठीत व्यस्त मुख्यतः गणितातल्या व्यस्त प्रमाणात उरलाय.

३. बदलण्याचा क्रम तपासा

एकेका शब्दाची यादी करून भागत नाही, कारण हे शब्द साखळीने सरकलेले असतात. हिंदीतल्या 'अनुसंधान'साठी मराठीत 'संशोधन'. पण 'संशोधन' हिंदीतही आहे आणि तिथे त्याचा अर्थ दुरुस्ती. संविधानातल्या संशोधनाला आपण घटनादुरुस्ती म्हणतो. तसंच 'निर्देश'चं 'सूचना' होतं आणि 'सूचना'चं 'माहिती'. 'मात्रा'चं बऱ्याच ठिकाणी 'प्रमाण' होतं, आणि हिंदीतलं 'प्रमाण' म्हणजे पुरावा.

आता कोणी 'शोधा आणि बदला' वापरून आधी सगळी 'अनुसंधान' 'संशोधन' केली आणि मग सगळी 'संशोधन' 'दुरुस्ती' केली, तर कर्नालची मृदा लवणता अनुसंधान संस्था दुरुस्तीची कार्यशाळा होऊन बसते. साखळीचं शेवटचं टोक आधी सोडवायचं. पहिल्यांदा हिंदी 'संशोधन'ची 'दुरुस्ती' करा, मग 'अनुसंधान'चं 'संशोधन'. फाइल मोठी असेल तर त्याहून बरा मार्ग म्हणजे आधी शब्दाच्या जागी निरर्थक खूण टाकायची आणि मराठी शब्द नंतर, वाक्य पाहून, हाताने बसवायचा :

```
sed -e 's/क्षारीय/@@K@@/g' -e 's/लवणीय/@@L@@/g' hindi.txt > khuna.txt
```

संस्थेच्या नावातही हेच घडतं. 1969 मध्ये स्थापन झालेली कर्नालची 'केन्द्रीय मृदा लवणता अनुसंधान संस्थान' ही या विषयातली मुख्य संस्था. त्या नावातलं 'अनुसंधान' मराठीत संशोधन होतं, आणि 'संस्थान' जसंच्या तसं ठेवलं तर वाचकाला सांगली-मिरजेची संस्थानं किंवा एखादं देवस्थान आठवतं. 'संशोधन संस्था' लिहा.

४. क्षार आणि लवण : इथे वेळ द्या

हिंदी रसायनशास्त्रात आम्लाचा विरुद्ध गट म्हणजे 'क्षार' किंवा 'क्षारक', आणि मीठवर्गी पदार्थ म्हणजे 'लवण'. मराठी शालेय पुस्तकांत आम्लाच्या समोर 'आम्लारी' उभी आहे आणि मीठवर्गी पदार्थाला 'क्षार' म्हणतात. म्हणजे 'क्षार' हा शब्द दोन्ही भाषांत आहे, पण मराठीत तो नेमका हिंदीतल्या लवणाच्या जागी बसलाय. शेतकऱ्याच्या बोलण्यातही तेच. 'बोअरच्या पाण्यात क्षार आहेत' म्हणजे त्यात विरघळलेलं मीठ आहे.

'लवण' तर त्याहून अडचणीचा. आपल्या खेड्यांत लवण म्हणजे सखल, खोलगट भाग, जिथे पाणी उतरून साचतं. 'लवणीय जमीन' वाचून एखाद्याला आपला लवणातला तुकडा आठवला तर त्याचं काय चुकलं? आणि गंमत म्हणजे पाणथळ लवणातच क्षार वर येण्याचा संभव जास्त, त्यामुळे गैरसमज अर्धवट खरा ठरून आणखी घट्ट बसतो.

आता जमीन. हिंदी 'लवणीय मृदा' म्हणजे जिथे विरघळणारे क्षार साचलेत, पृष्ठभागावर पांढरं फूल येतं, आणि ओल असूनही पीक तहानल्यासारखं दिसतं. मराठी कृषिसाहित्यात या खारवट जमिनीला 'क्षारयुक्त जमीन' म्हणतात. हिचा इलाज निचरा सुधारणं आणि चांगल्या पाण्याने क्षार खाली धुऊन काढणं. हिंदी 'क्षारीय मृदा' ही वेगळी. तिथे चिकणमातीच्या कणांना सोडियम धरून बसलेलं असतं. ओली असताना ती लिबलिबीत होते, वाळल्यावर दगडासारखी, आणि पाणी आत जिरतच नाही. ही आपली 'चोपण'. हिला जिप्सम लागतं, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवतं आणि मग ते सोडियम पाण्याबरोबर वाहून नेता येतं.

सांगलीकडच्या नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात या दोन्ही जमिनी जवळजवळ सापडतात. मसुद्यात 'क्षारीय जमिनीत जिप्सम टाकावे' एवढंच राहिलं, तर क्षारयुक्त रान असलेला माणूस 'हे माझंच' म्हणून जिप्सम आणतो. नुसत्या क्षारयुक्त जमिनीला त्याचा उपयोग नाही, पैसे मातीत जातात. उलट चोपणवाला 'क्षार धुऊन काढा' वाचून पाणी सोडत राहतो आणि ते वरच तुंबतं. तिसरा प्रकार हिंदीत 'लवणीय-क्षारीय', मराठीत 'क्षारयुक्त-चोपण'. तिथे जिप्समच्या आधी धुलाई केली तर क्षार निघून जातात, सोडियम मागे राहतं आणि जमीन पूर्ण चोपण होते. म्हणून त्या परिच्छेदात नावाइतकाच वाक्यांचा क्रमही तपासा.

दुर्दैवाने हिंदी लेखकही नेहमी एकसारखं लिहीत नाहीत. 'क्षारीय' कधी चोपण जमिनीसाठी येतं, तर कधी फक्त सामू, म्हणजे पीएच, 7 च्या वर आहे एवढंच सांगायला. दुसऱ्या अर्थी मराठीत 'अल्कधर्मी' चालेल, 'चोपण' चालणार नाही. 'ऊसर'सुद्धा सैल शब्द आहे. क्षारांनी नापीक झालेली कुठलीही जमीन त्यात बसते.

मग ठरवायचं कसं? आकड्यांवरून. आकड्यांना खोटे मित्र नसतात. त्याच परिच्छेदात किंवा तक्त्यात विद्युत वाहकता 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू 8.5 च्या खाली असेल तर ती क्षारयुक्त. सामू 8.5 च्या वर, वाहकता 4 च्या खाली आणि कणांना धरून बसलेलं, म्हणजे विनिमययोग्य, सोडियम 15 टक्क्यांहून जास्त असेल तर चोपण. वाहकता 4 च्या वर आणि सोडियमही 15 टक्क्यांच्या वर, तर क्षारयुक्त-चोपण. आधी आकडा वाचा, मग मराठी नाव लिहा. हिंदी नावावरून मराठी नाव ठरवू नका.

एक परिच्छेद पूर्ण करून बघू

माहितीपत्रकात असतो तसा हिंदी मजकूर :

> लवणीय एवं क्षारीय मृदाओं में अंतर करना आवश्यक है। क्षारीय मृदा (पीएच 8.5 से अधिक) में जिप्सम का प्रयोग मृदा परीक्षण के पश्चात ही करें। मात्रा संबंधी सूचना प्रयोगशाला से प्राप्त करें। जलनिकास की समस्या का समाधान पहले करें।

हाती येतो तो मसुदा :

> लवणीय व क्षारीय मृदांमध्ये अंतर करणे आवश्यक आहे. क्षारीय मृदेत (सामू 8.5 पेक्षा अधिक) जिप्समचा प्रयोग मृदा परीक्षणानंतरच करावा. मात्रेसंबंधी सूचना प्रयोगशाळेकडून प्राप्त करावी. जलनिकासाच्या समस्येचे समाधान प्रथम करावे.

यातला एकही शब्द शुद्धलेखन तपासनीस अडवणार नाही. पहिल्या वाक्यात 'अंतर करणे'. दुसऱ्यात 'क्षारीय', आणि शेजारीच 8.5 हा आकडा सांगतोय की ही चोपण. 'प्रयोग' आहेच. तिसऱ्यात सूचना म्हणजे माहिती. चौथ्यात समाधान. दुरुस्तीनंतर :

> जमीन क्षारयुक्त आहे की चोपण, हे आधी ओळखावे. चोपण जमिनीत (सामू 8.5 पेक्षा जास्त) माती तपासून घेतल्यावरच जिप्सम टाकावे. किती टाकायचे ते प्रयोगशाळेकडून समजून घ्यावे. त्याआधी पाण्याचा निचरा होईल अशी व्यवस्था करावी.

'मृदा' काढून 'जमीन' आणि 'माती' केलं ते निव्वळ सवयीमुळे नाही. हिंदी तांत्रिक गद्यात मृदा सर्रास चालते. आपल्याकडे शेतकरी रानाला जमीन म्हणतो आणि हातात घेतलेल्या नमुन्याला माती. 'मृदा आरोग्य पत्रिका' हे योजनेतलं नाव रूढ आहे, ते तसंच राहू द्या. शेवटच्या वाक्यात 'त्याआधी' घातलंय, कारण 'प्रथम' परिच्छेदाच्या अखेरीस आलं की वाचणारा ते काम शेवटी करतो.

५. इंग्रजी मूळ मागा

हिंदी तांत्रिक मजकूर बऱ्याचदा स्वतःच इंग्रजीवरून केलेला असतो. ज्याने काम दिलं त्याच्याकडे मूळ प्रत मागायला एक मेल पुरतो. तिथे 'सलाइन' आहे की 'सोडिक' हे दिसलं की लवण-क्षाराचा अर्धा वाद मिटतो. 'अल्कली' दिसलं तर मात्र पुन्हा आकड्यांकडे जा, कारण जुन्या लेखनात तो शब्द दोन्ही अर्थांनी येतो.

६. कोश उघडा, पण बरोबर कोश

केंद्राच्या वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोगाच्या शब्दावल्या हिंदीत पाहणाऱ्याला लगेच सापडतात. सर्व भारतीय भाषांत संज्ञा जवळ याव्यात म्हणून संस्कृत धातूंवरून शब्द घडवायचे, हे आयोगाचं जुनं धोरण. ते हिंदीसाठी ठीक. मराठी नाव ठरवताना महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहा. कृषी आणि रसायन हे दोन्ही विषय त्यांत आहेत आणि कोश संकेतस्थळावर शोधता येतात. कोशातला शब्द आणि रानातला शब्द वेगळे निघाले तर राहुरी, अकोला, परभणी, दापोली यांपैकी ज्या विद्यापीठाच्या भागात पत्रक वाटलं जाणार आहे, तिथल्या शिफारशींत कोणता शब्द येतो ते पाहून मी तो घेतो. कोशात अडकून शेतकऱ्याचा शब्द सोडण्यात मला अर्थ वाटत नाही.

७. वाचून दाखवा, पण प्रश्न बदला

ही सगळ्यात वेळखाऊ तपासणी, म्हणून खाली. विषयाबाहेरच्या नाही, तर ज्याच्यासाठी पत्रक आहे अशा माणसाला दोन परिच्छेद वाचून दाखवा. 'समजलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'आता तुम्ही पहिल्यांदा काय कराल?' असं विचारा. 'जिप्समचा प्रयोग'वर उत्तर आलं की 'एका वाफ्यात करून बघू', तर चूक सापडली. हिंदी शाळेत शिकलेल्या किंवा रोज हिंदी बोलणाऱ्या मराठी माणसावर ही चाचणी घेऊ नका. त्याच्या डोक्यात दोन्ही अर्थ तयार असतात आणि तो नकळत बरोबर तोच निवडतो. विदर्भात किंवा सीमाभागात हे विशेष सांभाळा.

कुठे थांबायचं

मूळ मजकुरात आकडे नसतील, इंग्रजी प्रत मिळत नसेल आणि 'क्षारीय' कोणत्या अर्थी आहे ते वाक्यावरून ठरत नसेल, तर अंदाजाने नाव लिहू नका. हे भाषेचं काम राहिलेलं नाही. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या किंवा विद्यापीठातल्या मृदाशास्त्राच्या माणसाला विचारा. जिप्सम किंवा गंधक हेक्टरी किती, हे वाक्य अर्धवट वाटलं तरी स्वतः पूर्ण करू नका. ती मात्रा माती तपासणीवरून निघते.

कीटकनाशकाच्या वेष्टनावरचा मजकूर, विषबाधेवरचा उपाय आणि पीकविम्यातल्या हरकती-मुदतींचा भाग आला की तिथेही हात आखडता घ्या. पहिले दोन कायद्याने ठरलेले असतात आणि कंपनीकडे मंजूर मराठी मजकूर असतो, तोच मागवा. तिसऱ्यासाठी योजनेचा मराठी शासन निर्णय शोधा आणि त्यातलीच शब्दयोजना उचला.

तज्ज्ञाकडे जाताना अख्खं पत्रक पाठवलं तर उत्तर येत नाही. हिंदी वाक्य, तुमचं मराठी वाक्य, शेजारच्या तक्त्यातले सामू, वाहकता आणि सोडियमचे आकडे आणि 'ही जमीन क्षारयुक्त की चोपण?' एवढा एकच प्रश्न एका पानावर पाठवा.